एकाच कंपनीतल्या अनेकांशी संपर्क: विक्रेत्यांनी तो कसा आखावा

कारखान्याला यंत्र विकताना समोर एकच ग्राहक कधी नसतो. ७५ किलोवॅटचा एअर कॉम्प्रेसर घ्यायचा असेल, तर तो रोज चालवतो युटिलिटीचा इन-चार्ज, बंद पडला की रात्री फोन जातो मेंटेनन्स मॅनेजरला, दराची घासाघीस करतो पर्चेस विभाग आणि भांडवली खर्चाच्या प्रस्तावावर सही करतो प्लांट हेड. रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर गेली, की कागद मुख्य कार्यालयातल्या फायनान्सकडे जातो. फ्रेडरिक वेबस्टर आणि योराम विंड या अभ्यासकांनी १९७२ साली अशा खरेदी-गटातल्या भूमिका वेगळ्या करून दाखवल्या: वापरणारा, मत घडवणारा, व्यवहार करणारा, निर्णय घेणारा आणि बाहेरच्या माणसाला आत पोचू द्यायचे की नाही हे ठरवणारा. यांपैकी एकाशीच बोलत राहिले तर व्यवहार तिथेच अडकतो. म्हणून अनेकांशी संपर्क करावाच लागतो. तो करताना समोरची माणसे गोंधळू नयेत आणि आपल्याच सहकाऱ्यांच्या कामात पाय अडकू नये, यासाठी आधी काय ठरवायचे आणि नंतर काय पाळायचे, हे एका उदाहरणातून नीट दिसते.

उदाहरणासाठी चाकणच्या एमआयडीसीतला वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना धरू. विकणारी आहे पुण्यातली एक मध्यम आकाराची कॉम्प्रेसर कंपनी. तिच्याकडूनही एकच माणूस जात नाही. चाकण पट्टा पाहणारा सेल्स इंजिनिअर आहे, ऑफिसातून फोनवर चौकशी करणारी सहकारी आहे, जुन्या मशिनच्या एएमसीसाठी दर तिमाहीला जाणारा सर्व्हिस इंजिनिअर आहे, आणि या कारखान्याचे मुख्य कार्यालय मुंबईत असल्याने तिथे ये-जा असलेला मुंबई शाखेचा माणूसही आहे. दोन्ही बाजूंना चार-पाच माणसे म्हणजे बोलण्याच्या वीसएक वाटा झाल्या. कोण कोणत्या वाटेने जाणार हे ठरले नसेल, तर महिन्याभरात दोन कोटेशने, दोन दर आणि एक नाराज मेंटेनन्स मॅनेजर हमखास तयार होतो.

आधी आपल्याच घरात विचारणे

पहिला फोन ग्राहकाला जाण्याआधी आपल्या नोंदी पाहायच्या. हे सगळ्यांना माहीत असते, पण नोंदीच तुकड्यातुकड्यांत असतात, ही खरी अडचण आहे. तोच कारखाना सर्व्हिसच्या यादीत ‘युनिट २’ म्हणून असतो, अकाउंट्सकडे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ या पूर्ण नावाने, आणि मोशीच्या एखाद्या प्रदर्शनात जमवलेल्या कार्डांच्या यादीत नुसत्या आद्याक्षरांनी. नाव शोधून हे तिन्ही एकत्र येत नाहीत. जीएसटी क्रमांकावरून येतात. १५ अंक-अक्षरांच्या या क्रमांकातली पहिली दोन स्थाने राज्याची असतात, महाराष्ट्रासाठी २७, गुजरातसाठी २४, गोव्यासाठी ३०. त्यापुढची दहा स्थाने म्हणजे त्या कंपनीचा पॅन. पॅनचा भाग सारखा असेल तर नावाचे स्पेलिंग काहीही असो, कायद्याच्या दृष्टीने कंपनी एकच. चाकणचा हा आणि गुजरातमधल्या साणंदचा एक कारखाना एकाच कंपनीचे आहेत, हे यातून दोन मिनिटांत कळते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते: एकाच उद्योगसमूहातल्या वेगळ्या कंपन्यांचे पॅन वेगळे असतात, तरी त्यांचा पर्चेस विभाग एकच असू शकतो. तिथे ईमेलचा पत्ता ‘@’ नंतर सारखा आहे का, हे पाहिले की नाते उघड होते.

नोंदी एकत्र आल्या की चार गोष्टी शोधायच्या: आधी दिलेली कोटेशने, चालू असलेली एएमसी, न मिटलेली तक्रार आणि थकलेले बिल. शेवटच्या दोन गोष्टी विक्रीचे लोक टाळतात, पण त्यांचाच फटका सर्वांत मोठा असतो. एअर एंडची वॉरंटी नाकारल्यामुळे मेंटेनन्स मॅनेजर दोन महिने वैतागलेला असताना त्याला नव्या मशिनबद्दल उत्साहाने फोन करणे म्हणजे आपल्या कंपनीत कोणी कोणाशी बोलत नाही हे त्याला स्वतःहून सांगणे. तक्रार आधी मिटवावी किंवा निदान पहिल्या वाक्यात तिचा उल्लेख करून ती कुठवर आली आहे ते सांगावे.

मग एक माणूस जबाबदार ठरवायचा. त्याने सगळ्यांशी स्वतःच बोलायचे नसते. कोण कोणाशी बोलणार हे त्याला विचारल्याशिवाय ठरत नाही, एवढाच त्याचा अधिकार. चाकणच्या उदाहरणात तो सेल्स इंजिनिअर असेल, कारण निर्णयाचा मोठा भाग कारखान्यात होणार आहे. खरेदी मुंबईहून एकत्रित होत असती, तर मुंबईच्या सहकाऱ्याला तो मान द्यावा लागला असता. ऑर्डरवरचा इन्सेंटिव्ह कोणाला किती, हेही याच टप्प्यावर लेखी ठरलेले बरे. सहकारी एकमेकांना डावलून ग्राहकाकडे जातात त्यामागे बहुतेक वेळा स्वभावदोष नसतो. श्रेय जाईल ही भीती असते. वाटणी आधी ठरली की माहिती लपवण्याचे कारणच उरत नाही.

माणसांचा नकाशा

संकेतस्थळावरून किंवा लिंक्डइनवरून पदे कळतात, वजन कळत नाही. कॉम्प्रेसरच्या बाबतीत वजन कळण्याचा सर्वांत विश्वासार्ह कागद म्हणजे जुने सर्व्हिस रिपोर्ट. त्यांवर सही कोणाची आहे, शेरे कोण लिहितो, सुटे भाग बदलायला तोंडी परवानगी कोण देतो, हे पाहिले की यंत्रशाळेत खरा शब्द कोणाचा चालतो ते उमगते. जुन्या पर्चेस ऑर्डरवर सह्यांचा क्रम असतो. तो क्रम म्हणजे पैशाची वाट. या दोन कागदांवरून काढलेल्या नकाशात प्रत्येक माणसापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: त्याला कशाची काळजी आहे, तो कोणाला विचारून ठरवतो, आणि आपल्याकडून त्याच्याशी कोण बोलणार. तिसऱ्या रकान्यात एकच नाव असावे. दोन नावे लिहिली की ती वाट कोणाचीच राहत नाही.

सर्व्हिस इंजिनिअरचे नाव कुठे लिहायचे, हा नाजूक प्रश्न आहे. युटिलिटीचा इन-चार्ज त्याच्याशी मोकळेपणाने बोलतो, कारण तो काही विकायला आलेला नसतो. त्याच्या हाती ब्रोशर दिले की तो मोकळेपणा संपतो आणि परत येत नाही. म्हणून त्याने निरीक्षणे आणावीत, विक्रीचा विषय काढू नये. ग्राहकाने स्वतःहून नव्या मशिनबद्दल विचारले, तर ‘आमचे सेल्सचे साहेब फोन करतील’ एवढेच सांगावे, आणि त्याच संध्याकाळी ते नोंदवावे.

क्रम आणि अंतर

एकाच सकाळी पाच जणांना एकच मेल पाठवणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. मुळातच मानायचे ते हे, की एकाला लिहिलेला प्रत्येक शब्द बाकीच्यांपर्यंत पोचणार आहे. ही माणसे एकाच शेडमध्ये वावरतात, सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगला समोरासमोर बसतात. पाचही जणांना तोच मजकूर ‘खास आपल्यासाठी’ म्हणून आला आहे हे मीटिंगच्या आधीच कळते, आणि मग प्रत्येकाला वाटते की उत्तर दुसरा कोणी देईल. उत्तर कोणीच देत नाही.

सुरुवात मेंटेनन्स मॅनेजरपासून करावी. काही विक्रेते थेट प्लांट हेडला गाठण्याचा आग्रह धरतात, निर्णय तोच घेतो म्हणून. पण तांत्रिक विषयात प्लांट हेड पहिला कागद मेंटेनन्सकडेच पाठवतो, आणि वरून आलेला कागद मेंटेनन्सला आपल्या कामावरचा शेरा वाटतो. त्याची मूक नाराजी पुढच्या प्रत्येक टप्प्यावर भोवते. उलट दिशेचा धोकाही खरा आहे: फक्त मेंटेनन्सशीच बोलत राहिले तर ‘बघतो, सांगतो’ यात दोन तिमाह्या जातात, कारण भांडवली खर्च मंजूर करणे त्याच्या हातात नसते. यावरचा उपाय म्हणजे वर जायचेच, पण त्याला सांगून जायचे.

पहिल्या भेटीनंतर तीन-चार कामाचे दिवस जाऊ द्यावेत, मग पर्चेसला छोटी ओळखपर मेल. पर्चेसला शेवटी उठवणे हा अनेकांचा आवडता डाव असतो, आणि तो महागात पडतो. व्हेंडर रजिस्ट्रेशन, पेमेंटच्या अटी, वॉरंटीची भाषा या गोष्टींना वेळ लागतो. शिवाय ‘तांत्रिक मंडळींशी सगळे ठरवून आमच्याकडे फक्त सहीला आलात’ हा राग दरात वसूल होतो. त्यानंतर आठवडाभराने, मेंटेनन्सने मोजणीचे आकडे मान्य केल्यावर, प्लांट हेडकडे जावे. मुख्य कार्यालयातला फायनान्स सर्वांत शेवटी, आणि तोही प्लांटने प्रस्ताव वर पाठवल्यावरच. एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त नव्या माणसांना हात लावू नये, ही मर्यादा पाळता येण्यासारखी आहे.

दिवस निवडतानाही स्थानिक गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नसून गुरुवारी असते. महिन्याचा शेवटचा आठवडा डिस्पॅचच्या धावपळीचा, तेव्हा प्लांटमध्ये कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसते. मुंबईच्या कार्यालयाचे वेळापत्रक वेगळे. दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी संपर्क करण्याचा हट्ट धरला की एकीकडचे उत्तर हमखास रखडते.

आकडा एक, बोलणे वेगवेगळे

सगळ्यांना एकच मजकूर पाठवायचा नाही, म्हणजे प्रत्येकाला वेगळी गोष्ट सांगायची असे नाही. मुळाशी एकच मोजलेला आकडा हवा. चाकणच्या कारखान्यातला ७५ किलोवॅटचा जुना स्क्रू कॉम्प्रेसर ठरलेल्या वेगाने फिरणारा आहे. हवेची मागणी कमी झाली की तो हवा देणे थांबवतो, पण मोटर फिरतच राहते. याला अनलोड म्हणतात, आणि त्या अवस्थेतही असे मशिन पूर्ण भाराच्या साधारण एक तृतीयांश वीज खाते. मेंटेनन्सच्या परवानगीने आठवडाभर लॉगर लावला, आणि मशिन ४० टक्के वेळ अनलोड असल्याचे दिसले असे समजू. वर्षाचे ६,००० तास धरले तर २,४०० तास अनलोडचे. त्या वेळी २५ किलोवॅट वीज जाते म्हणजे ६०,००० युनिट. युनिटला ९ रुपये दर धरला, तर वर्षाला ५ लाख ४० हजार रुपये हवा न देता खर्च होतात. मागणीप्रमाणे वेग बदलणारे, म्हणजे व्हीएफडीचे मशिन यातला बराचसा भाग वाचवते.

आता हाच आकडा घेऊन मेंटेनन्सशी बोलणे होईल ते प्रेशर किती स्थिर राहील, सुटे भाग किती दिवसांत मिळतील, जुने मशिन स्टँडबाय ठेवता येईल का, यांवर. प्लांट हेडशी बोलताना तो वीजबिलाच्या ओळीत मांडायचा. पर्चेसपुढे डिलिव्हरीचे आठवडे, वॉरंटीचा काळ आणि जुन्या मशिनचा बायबॅक महत्त्वाचा. फायनान्सला लागतो परतफेडीचा काळ आणि तो कोणत्या गृहीतकांवर काढला ते. गृहीतके मात्र सगळीकडे तीच: ६,००० तास आणि ९ रुपये. मुंबईच्या सहकाऱ्याने उत्साहात ८,००० तास धरून फायनान्सला ७ लाख २० हजारांची बचत दाखवली, तर दोन्ही कागद एका टेबलावर आल्यावर दोन्ही खोटे ठरतात, जरी पहिला खरा असला तरी. म्हणून आकड्यांचे एक पान जबाबदार माणसाने बनवावे, त्यावर तारीख टाकावी, आणि बाकीच्यांनी त्यातूनच उतरवून घ्यावे.

दुसऱ्या कोणाशी बोलणे चालू आहे, हे प्रत्येकाला उघड सांगावे. पर्चेसला जाणाऱ्या मेलमध्ये एवढी दोन वाक्ये पुरतात: ‘आपल्या मेंटेनन्स विभागाच्या परवानगीने कॉम्प्रेसर क्रमांक २ वर १० ते १६ तारखेपर्यंत मोजणी चालू आहे. तांत्रिक चर्चा त्यांच्याशी चालू असून व्यवहाराच्या सर्व बाबी आपल्यामार्फतच होतील.’ यातल्या दुसऱ्या वाक्याने पर्चेसची धास्ती जाते. प्लांट हेडची वेळ मागण्याआधी मेंटेनन्स मॅनेजरला फोन करून विचारावे, ‘साहेब, हे आकडे प्लांट हेडना दाखवायचे आहेत. तुम्ही दाखवता की आपण दोघं मिळून जाऊ?’ बहुतेक वेळा दुसरा पर्याय निवडला जातो, आणि तेव्हा प्रस्ताव बाहेरच्याचा राहत नाही. तो स्पष्ट नाही म्हणाला, तर कारण विचारावे. बजेट संपले असेल किंवा त्याला आधी गळत्या बंद करून पाहायच्या असतील. हे कारण जवळजवळ नेहमीच कामाचे असते.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळायच्या. उत्तर येत नाही म्हणून मेंटेनन्सच्या मेलमध्ये त्याच्या साहेबांना सीसीत घालू नये. ती तक्रारच ठरते. आणि ‘प्लांट हेड म्हणाले आहेत’ हे वाक्य त्यांनी तसे सांगायला परवानगी दिल्याशिवाय वापरू नये. आतल्या माणसांचे शब्द एकमेकांवर वापरणारा विक्रेता दुसऱ्या वेळी आत घेतला जात नाही.

दर एकाच हातातून

गोंधळातला सर्वांत महाग प्रकार म्हणजे दोन दर. तो बहुधा असा घडतो: मेंटेनन्स मॅनेजर पुढच्या वर्षीच्या बजेटसाठी अंदाज मागतो, सेल्स इंजिनिअर तोंडी ‘साधारण चौदा-पंधरा’ लाख सांगतो, दोन आठवड्यांनी ऑफिसातली सहकारी पर्चेसच्या चौकशीला उत्तर म्हणून छापील दरपत्रकातला १७ लाखांचा आकडा पाठवते. पर्चेसला आता सौदा चौदापासून खाली सुरू करायचा असतो, आणि मेंटेनन्सला वाटते की आपल्याला फसवले. अंदाज द्यायचाच असेल तर तो लेखी, ‘बजेटरी ऑफर’ असे वर लिहून, वरच्या बाजूला धरून द्यावा. पुढे खरी ऑफर एकच माणूस काढेल, तिला क्रमांक असेल आणि प्रत्येक बदलाला आर-१, आर-२ असा शेपटीचा आकडा. तांत्रिक विभागाला त्याच ऑफरची दर नसलेली प्रत द्यावी, म्हणजे तांत्रिक तुलना करताना दर हा विषयच निघत नाही.

सहकाऱ्यांसाठी नोंदवही

महागडे सॉफ्टवेअर नसले तरी चालते. सगळ्यांना दिसणारी एक एक्सेल शीट पुरते, जर ती खरोखर भरली गेली तर. प्रत्येक नोंदीत तारीख, कोण कोणाशी बोलले, काय ठरले आणि पुढचे पाऊल कोणाचे, एवढेच असावे. लांब नोंदी कोणी लिहीत नाही आणि वाचतही नाही. खरा नियम वेळेचा आहे: फोन करण्याआधी शीट उघडायची, आणि बोलणे झाल्यावर त्याच दिवशी भरायची. दुसऱ्या दिवशी भरू म्हटलेल्या नोंदींमुळेच एका माणसाला एका दिवशी दोन फोन जातात.

एखाद्या माणसाशी बोलणे सुरू झाले की १४ दिवस त्याला कंपनीतल्या दुसऱ्या कोणी स्वतःहून गाठू नये, असा कुलुपाचा नियम चालतो. १४ दिवसांत काहीच नोंद झाली नाही तर कुलूप आपोआप उघडते, नाहीतर काही जण नावे अडवून बसतात. मार्केटिंगच्या सामूहिक मेल यादीतून या कारखान्याचे सगळे पत्ते चर्चा चालू असेपर्यंत काढून टाकायला हवेत. फायनान्सपुढे १७ लाखांचा प्रस्ताव असताना त्याच कंपनीकडून ‘दिवाळी ऑफर’ची मेल येणे, म्हणजे पर्चेसला सूट मागायला आयते निमित्त.

बिघडले हे कसे कळते

गोंधळाची खूण आरडाओरड्यातून क्वचित दिसते. एकच तांत्रिक प्रश्न दोन वेगळ्या माणसांकडून, वेगळ्या शब्दांत येतो. पर्चेस विचारते, ‘तुमच्याकडून नक्की कोणाशी बोलायचं?’ रोज फोन उचलणारा मेंटेनन्स मॅनेजर प्लांट हेडच्या भेटीनंतर मीटिंगमध्ये असतो, आणि आठवडाभर मीटिंगमध्येच राहतो. यांपैकी काहीही दिसले की नवी मेल पाठवणे थांबवावे, आणि जबाबदार माणसाने त्याच दिवशी फोन करावा. काय घडले ते सरळ सांगावे: ‘आमच्याकडून दोन ऑफर गेल्या. १२ तारखेची ऑफर मागे घेत आहोत, आर-१ हीच ग्राह्य आहे.’ मागे घेणे लेखी कळवावे, ज्यांना जुनी ऑफर गेली त्या सगळ्यांना. कोणत्या सहकाऱ्याची चूक होती हे ग्राहकाला सांगू नये. त्याला त्यात रस नसतो, आणि कळले तर तो पुढच्या वेळी मुद्दाम त्याच सहकाऱ्याला गाठतो.

काही ठिकाणी ही सगळी पद्धत लागूच होत नाही. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातल्या निविदेत बोली उघडल्यानंतर मूल्यमापन चालू असताना निविदेत नेमून दिलेल्या अधिकाऱ्याशीच, आणि तेही लेखी, बोलायचे असते. इतरांना गाठण्याचा प्रयत्न बोली बाद होण्यापर्यंत जाऊ शकतो. खाजगी कंपनीनेही ‘यापुढे सर्व संपर्क पर्चेसमार्फत’ असे कळवले, तर ते त्या क्षणापासून सर्वांना लागू होते, सर्व्हिसच्या भेटी सोडून. माणूस बदलून गेला असेल तर त्याच्या जागी आलेल्याला जुन्या चर्चेचा अर्ध्या पानाचा गोषवारा द्यावा. त्याच्या आधीच्या माणसाने काय कबूल केले होते, याचा दाखला देऊन त्याला अडकवू नये.

निर्णय झाल्यावर, ऑर्डर मिळो वा न मिळो, नकाशातल्या प्रत्येकाला जो त्याच्याशी बोलत होता त्यानेच कळवावे. ऑर्डर मिळाली तर मेंटेनन्सला बसवण्याची तारीख, पर्चेसला ऑर्डरची पोच, फायनान्सला प्रोफॉर्मा इन्व्हॉइस. मिळाली नाही, तर लॉगरच्या मोजणीचा अहवाल तरीही मेंटेनन्सकडे पाठवावा, कारण ती मोजणी त्याच्या परवानगीने झाली होती. मग शीटमध्ये तारीख आणि कारण लिहून नोंद बंद करावी आणि कुलूप काढावे, म्हणजे साणंद पाहणाऱ्या सहकाऱ्याला त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्याकडे जाताना चाकणला काय झाले ते आधीच माहीत असेल.